कंपनी ‘माणूस’ आहे, पण किती?

“कंपनी म्हणजे कायद्याने माणूस, हे नुसतं कागदावरचं सोंग आहे. मालमत्ता खरी मालकाचीच, कोर्टात भांडतो तोही मालकच. आणि माणूस म्हटलं की माणसाचे सगळे हक्क कंपनीला आपोआप मिळतात.”

असं अनेकदा ऐकू येतं, पण ते खरं नाही. आधी मालमत्तेचं पाहू. आयर्लंडमधल्या टायरोन परगण्यात मकॉरा नावाचे एक जमीनदार होते. इस्टेटीवरचं लाकूड त्यांनी एका कंपनीला विकलं आणि मोबदल्यात तिचे ४२,००० शेअर घेतले. सगळे शेअर त्यांच्याच ताब्यात, वर कंपनीला दिलेलं कर्जही त्यांचंच. लाकडाचा विमा मात्र त्यांनी स्वतःच्या नावावर उतरवला. १९२२ मध्ये आग लागली आणि बहुतेक लाकूड जळून गेलं. विमा कंपन्यांनी हात वर केले. प्रकरण थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९२५ मध्ये मकॉरा हरले. लाकूड कंपनीचं, पॉलिसी मकॉरांची. जे आपलं नाही त्याच्या नुकसानीचे पैसे मागणार कसे? लाकूड ज्या कंपनीचं, तिच्याच नावाने विमा उतरवला असता तर ही अडचण आलीच नसती. सोंग असतं तर एवढं महाग पडलं नसतं.

खटल्याचंही तसंच. १८४३ च्या एका इंग्लिश खटल्यात दोन भागधारकांची तक्रार अशी की, संचालकांनी आपल्याच जमिनी कंपनीच्या गळ्यात चढ्या भावाने मारल्या. कोर्ट म्हणालं, फसवणूक झाली असेल तर ती कंपनीची; दाद तिने मागावी. हा नियम कडकच आहे, कारण फसवणारेच कंपनी चालवत असतील तर ती स्वतःविरुद्ध उठणार कशी? म्हणून पुढे अपवाद आला: अशा वेळी भागधारक कंपनीच्या वतीने दावा लावू शकतो. जिंकला तरी पैसे कंपनीच्या खात्यात जातात, त्याच्या खिशात नाही.

हक्कांचा मुद्दा सगळ्यात जास्त फसवा आहे. (आधी ‘सोंग’ म्हणायचं आणि लगेच ‘सगळे हक्क मिळतात’ म्हणायचं, हेही गमतीचंच.) आपल्या राज्यघटनेत कलम १४ ‘व्यक्ती’ला समानता देतं, म्हणून त्याचा आधार कंपनी घेऊ शकते. भाषणस्वातंत्र्याचं कलम १९ मात्र ‘नागरिकां’साठी आहे. १९६३ मध्ये स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने सांगितलं की कंपनी नागरिक नाही. मग वृत्तपत्र कंपन्यांनी काय करायचं? १९७२ मध्ये कागदाच्या कोट्यावरून बेनेट कोलमन कंपनी कोर्टात गेली तेव्हा भागधारक आणि संपादकही सोबत होते. भाषणाचा हक्क त्यांचा, आणि तो कंपनीच्या वर्तमानपत्रातून बजावला जातो, हे कोर्टाने मान्य केलं. म्हणजे दार उघडलं ते हाडामांसाच्या माणसांच्या नावावर.

अमेरिकेत तर एटी अँड टी या टेलिफोन कंपनीने ‘वैयक्तिक खासगीपणा’ मागितला. २०११ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला आणि निकालाच्या शेवटी लिहिलं की, कंपनी हे ‘वैयक्तिक’ मनाला लावून घेणार नाही, अशी आशा आहे.