एम फ्लॅगने स्लॅक बंद होत नाही

"राउटरवर एम फ्लॅग लावला की स्लॅक बंद होतं आणि मशीन फक्त डीएचसीपीचा पत्ता वापरतं. तरीही भलताच पत्ता दिसला, तर ऑपरेटिंग सिस्टिम मनाला येईल तो पत्ता उचलते. सरळ आयपीव्ही६ बंद करून टाका."

या सल्ल्यातला पहिला मुद्दाच चुकीचा आहे. स्लॅक म्हणजे मशीनने राउटरच्या जाहिरातीवरून आपला आयपीव्ही६ पत्ता स्वतःच बनवणं. एम फ्लॅग एवढंच सांगतो की या लिंकवर डीएचसीपीव्ही६ कडून पत्ता मिळेल. यजमान मशीनने स्वतः पत्ता बनवायचा की नाही, हे राउटर अ‍ॅडव्हर्टाइझमेंटमधल्या, म्हणजे राउटर लिंकवर पाठवतो त्या जाहिरातीतल्या, प्रत्येक प्रीफिक्ससोबत येणारा ए फ्लॅग ठरवतो. दोन्ही चालू असतील, तर दोन्ही तऱ्हेचे पत्ते एकाच कार्डावर येऊन बसतात. या जाहिराती पाठवणाऱ्या `radvd` मध्ये `AdvAutonomous` न लिहिल्यास तो चालूच धरला जातो, आणि बहुतेकांची फसगत तिथेच होते.

एका ऑफिसात मी हे प्रत्यक्ष पाहिलं. डेटाबेसच्या फायरवॉलमध्ये फक्त डीएचसीपीने दिलेल्या `::50` ला परवानगी होती आणि कनेक्शन सारखं नाकारलं जात होतं. मशीनवर `ip -6 addr` चालवल्यावर असं दिसलं (प्रीफिक्स इथे बदलला आहे):

```
2001:db8:10:20::50/128 dynamic
2001:db8:10:20:9c41:7be2:a03d:51f6/64 temporary dynamic
```

फायरवॉलच्या लॉगमध्ये दुसरा, म्हणजे मशीनने स्वतः बनवलेला तात्पुरता पत्ता होता. ही निवड मनाला येईल तशी झालेली नव्हती. पत्ता कसा निवडायचा हे आरएफसी ६७२४ या मानकात ठरलेलं आहे, आणि त्यातले नियम एकापाठोपाठ एक लावले जातात. व्याप्ती, मुदत उलटलेली आहे का, इंटरफेस, लेबल यांत दोन्ही पत्ते बरोबरीत सुटले. मग सातवा नियम आला, की तात्पुरत्या पत्त्याला पसंती द्या. तो गोपनीयतेसाठी मुद्दाम ठेवलेला आहे. कोणता पत्ता निवडला जाईल, हे मशीनलाच विचारता येतं:

```
ip -6 route get 2001:db8:10:30::7
```

उत्तरातल्या `src` पुढे तो पत्ता लिहिलेला असतो.

उपायासाठी आयपीव्ही६ बंद करायची गरजच नाही. सर्व्हरच्या व्हीलॅनवर ए फ्लॅग काढा:

```
prefix 2001:db8:10:20::/64 {
    AdvAutonomous off;
};
```

पण एवढ्याने जुना पत्ता लगेच जात नाही, त्याची मुदत संपेपर्यंत तो राहतो. घाई असेल तर फ्लॅग काढण्याआधी ए चालू ठेवूनच पसंतीची आणि वैध अशा दोन्ही मुदती शून्य करून जाहिरात पाठवा. पसंतीची मुदत तत्काळ संपते, म्हणून नव्या कनेक्शनसाठी `::50` निवडला जातो. वैध मुदत मात्र दोन तासांच्या खाली उतरत नाही, कारण खोट्या जाहिरातीने कोणी पत्ते पुसू नयेत म्हणून तशी तरतूदच आहे.

हाच बदल वाय-फायच्या व्हीलॅनवर करू नका. अँड्रॉइड फोन डीएचसीपीव्ही६ सर्व्हरकडून असा एकटा पत्ता घेत नाही. तिथे ए फ्लॅग काढला आणि सर्व्हर फक्त एकेकटे पत्तेच देत असेल, तर त्या फोनला आयपीव्ही६ चा जागतिक पत्ता मिळणारच नाही.