आयटूसीच्या तारेवर पाच व्होल्ट येतात कुठून

"बीएमपी-२८० ला लेव्हल शिफ्टर कशाला? आयटूसी ओपन ड्रेन असतं, उनो लाइनवर ५ व्होल्ट टाकतच नाही. रेग्युलेटरवालं मॉड्यूल घेतलं तर प्रश्नच मिटला. तरी भीती वाटत असेल तर दोन रेझिस्टरचा डिव्हायडर लावा. माझं वर्षभर मस्त चालू आहे."

पावसाळा जवळ आला की मुंबईतल्या इंजिनिअरिंगच्या मुलांच्या ग्रुपांवर हा मेसेज फिरू लागतो. गॅलरीतलं हवामान केंद्र हा मिनी प्रोजेक्टचा आवडता विषय, आणि हवेचा दाब मोजणारा बीएमपी-२८० सेन्सर लॅमिंग्टन रोडला सहज मिळतो. अडचण अशी की आर्डुइनो उनो ५ व्होल्टवर चालतो आणि हा सेन्सर ३.३ वर. या दोघांमधल्या तारांवरचं व्होल्टेज जुळवणारा बोर्ड म्हणजे लेव्हल शिफ्टर. मेसेजातलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच ते जास्त फसवतं.

ओपन ड्रेन म्हणजे चिप लाइन फक्त खाली खेचू शकते. लाइन वर नेण्याचं काम पुल-अप रेझिस्टरचं. तेव्हा लाइनवर किती व्होल्ट येणार हे तो रेझिस्टर कुठल्या सप्लायला बांधलाय त्यावर ठरतं. उनो आर३ वर `Wire.begin()` चालवलं की लायब्ररी एटीमेगा-३२८पीचे आतले पुल-अप स्वतःहून चालू करते, आणि ते ५ व्होल्टला बांधलेले असतात. त्यांची किंमत २० ते ५० किलोओहमच्या मध्ये कुठेही असू शकते.

आता बाजारातलं जांभळं, सहा पिनांचं मॉड्यूल घ्या. त्यावर `103` छापलेले बारीक रेझिस्टर असतात, म्हणजे १० किलोओहम. आयटूसीच्या दोन तारा, डेटाची एसडीए आणि क्लॉकची एससीएल, त्यांच्यामार्फत ३.३ व्होल्टला बांधलेल्या असतात. उनोचा आतला पुल-अप ३५ किलोओहम धरला तर मोकळ्या लाइनवर ३.३ + १.७ × १०/४५, म्हणजे साधारण ३.६८ व्होल्ट येतात. बॉशच्या डेटाशीटप्रमाणे इंटरफेस पिनवरची कमाल मर्यादा सेन्सरच्या आयओ सप्लायपेक्षा ०.३ व्होल्ट वर, म्हणजे इथे ३.६. मर्यादा थोडक्यात ओलांडली गेली. करंट काही मायक्रोअँपियरचाच असल्याने सेन्सर लगेच जळत नाही. वर्षभर चालण्याचं रहस्य एवढंच.

पुढे काय होतं ते पाहा. प्रोजेक्टला शोभा यावी म्हणून त्याच दोन तारांवर १६×२ एलसीडी जोडला जातो. त्याच्या पाठीवरच्या आयटूसी बोर्डावर बहुधा ४.७ किलोओहमचे पुल-अप असतात, आणि ते ५ व्होल्टला बांधलेले. उनोचे आतले पुल-अप बाजूला ठेवून नुसता हाच हिशेब मांडा: ३.३ + १.७ × १०/१४.७. उत्तर जवळपास ४.५ व्होल्ट येतं. प्रत्यक्षात लाइन तिथपर्यंत पोहोचण्याआधी सेन्सरच्या आतला संरक्षक डायोड उघडतो आणि जादा करंट ३.३ च्या सप्लायकडे वळवतो. म्हणजे तो डायोड आता प्रत्येक बिटला काम करतोय, आणि सततच्या या कामासाठी तो बनवलेला नाही. ज्यानं मेसेज लिहिला त्याच्या बसवर एलसीडी नसावा. वाचणाऱ्याच्या बसवर असू शकतो, आणि ती वायरिंग वेगळी आहे.

याहून वाईट प्रसंग म्हणजे ३.३ ची जंपर वायर सैल होणं, किंवा बॅटरी वाचवायला सेन्सरची सप्लाय बंद करणं. सप्लाय शून्य, पण पुल-अपमुळे पिन अजून वर. याच स्थितीबद्दल बॉशनं डेटाशीटमध्ये स्पष्ट लिहिलंय की संरक्षक डायोडमधून जादा करंट वाहून चिप कायमची बिघडू शकते. ओळखायची खूण सोपी आहे: सेन्सरची सप्लायची तार काढा आणि मॉड्यूलच्या व्हीसीसी पिनवर मल्टिमीटर लावा. तिथे दीड-दोन व्होल्ट दिसले तर सेन्सर डेटाच्या तारांतून वीज पितोय.

काही जण उनोचे पुल-अप बंद करायला सांगतात:

```
Wire.begin();
digitalWrite(SDA, LOW);
digitalWrite(SCL, LOW);
```

बसवर ५ व्होल्टचं दुसरं काही नसेल तर याने सेन्सर वाचतो, हे मान्य. पण मग लाइन ३.३ वरच थांबते. एटीमेगाच्या आयटूसी पिनांना 'वर' समजायला सप्लायच्या ०.७ पट, म्हणजे ३.५ व्होल्ट लागतात असं त्याचं डेटाशीट म्हणतं. टेबलावर चालतं, कारण बहुतेक चिपा त्याहून कमी व्होल्टेजलाही ओळखतात. पण ती हमी नाही. मध्येच सेन्सरचा पत्ता `0x76` आयटूसी स्कॅनरमध्ये दिसेनासा झाला तर दोष कोडमध्ये शोधण्यात रात्र जाईल.

रेग्युलेटरचा मुद्दा थोडक्यात. रेग्युलेटर फक्त सप्लायच्या तारेवर बसतो, डेटाच्या तारांशी त्याचा संबंध नाही. एमपीयू-६०५० या हालचाल मोजणाऱ्या सेन्सरचं जीवाय-५२१ मॉड्यूल पाहा: रेग्युलेटर आहे, लेव्हल शिफ्टर नाही. मॉड्यूलवर एसडीए-एससीएलच्या वाटेत दोन छोटे, तीन पायांचे मॉस्फेट दिसत नसतील तर पिनावर '५ व्होल्ट' छापलेलं असूनही डेटाच्या लाइनी ३.३ च्याच समजा.

डिव्हायडर मात्र या जागी सरळ चूक आहे. तो एकाच दिशेच्या, ठामपणे वर-खाली जाणाऱ्या सिग्नलसाठी असतो. एसडीएवर दोन्ही बाजू बोलतात. वर १.८, खाली ३.३ किलोओहम लावून उनोच्या बाजूला ४.७ चा पुल-अप ठेवला तर उनोच्या पिनवर ५ × ५.१/९.८, म्हणजे २.६ व्होल्ट उरतात. ३.५ हवे होते. उलट एसपीआय या दुसऱ्या प्रकारच्या जोडणीवर, जिथे उनो क्लॉक, डेटा आणि चिप सिलेक्ट हे तिन्ही पूर्ण ५ व्होल्टनी ढकलतो, तिथे हाच डिव्हायडर उपयोगी पडतो, आणि तो न लावणं आयटूसीपेक्षा कितीतरी धोक्याचं. तिथे करंट अडवायला पुल-अपचा रेझिस्टर नसतो.

आयटूसीसाठी बीएसएस-१३८ चा दोन किंवा चार चॅनेलचा तयार बोर्ड घ्या. मॉस्फेटचं गेट ३.३ ला, सोर्स सेन्सरकडे, ड्रेन उनोकडे, आणि दोन्ही बाजूंना आपापल्या सप्लायचा १० किलोओहम. सेन्सरनं लाइन खाली खेचली की गेट-सोर्समध्ये ३.३ व्होल्ट पडतात, मॉस्फेट चालू होतो आणि उनोची बाजूही खाली येते. उनोनं खेचली की आधी मॉस्फेटच्या अंगचा डायोड सोर्सला खाली आणतो, मग मॉस्फेट चालू होतो. कोणीच खेचत नसेल तर तो बंद, आणि दोन्ही बाजू आपापल्या व्होल्टेजवर. घरी २एन७००० वापरून हे करू नका. त्याचा थ्रेशोल्ड ३ व्होल्टपर्यंत असू शकतो, मग ३.३ वर तो अर्धवट उघडतो.

या बोर्डाची खरी मर्यादा वेग आहे. गॅलरीपर्यंत दोन मीटर केबल नेली तर तिची कपॅसिटन्स २०० पिकोफॅरडच्या आसपास धरा. बोर्डाचा आणि मॉड्यूलचा पुल-अप मिळून ५ किलोओहम होतात, आणि लाइन वर चढायला सुमारे ०.८५ मायक्रोसेकंद लागतात. १०० किलोहर्ट्झला मर्यादा १ मायक्रोसेकंद आहे, म्हणजे जेमतेम बसतं. ४०० किलोहर्ट्झला ती ०.३ आहे, तिथे हे बसणारच नाही. शिफ्टर उनोजवळ ठेवा आणि घड्याळ १०० वरच राहू द्या.

जोडणी झाली की सेन्सर न लावता दोन्ही सप्लाय चालू करा, कोड चालवा आणि मोकळ्या लाइनी मोजा. उनोच्या बाजूला ५ च्या जवळ, सेन्सरच्या बाजूला ३.३ दिसायला हवेत. सेन्सरच्या बाजूला ३.६ च्या वर काही दिसलं तर ५ व्होल्टचा एखादा पुल-अप शिफ्टरच्या चुकीच्या बाजूला राहिलाय. एलसीडीपासून शोधायला सुरुवात करा.