फटी लांब गेल्या की पट्टे जवळ येतात

दोन बारीक फटींमधून लेसरचा प्रकाश पडद्यावर टाकला की तिथे उजळ-काळे पट्टे दिसतात. त्यांबद्दल पुष्कळ जण म्हणतात: ‘दोन फटी एकमेकींपासून लांब नेल्या की पडद्यावरचे पट्टेही लांब जातात. पडदा मागे नेला तर पट्टे नुसते पुसट होतात. रंग बदलला तरी पट्ट्यांतलं अंतर तेच राहतं, कारण फटी त्याच असतात.’

पहिलं वाक्य साफ उलटं आहे. खिडकीचे दोन गज लांब केले की त्यांच्या सावल्याही लांब जातात, हा रोजचा अनुभव इथे आड येतो. पण हे पट्टे म्हणजे फटींच्या सावल्या नव्हेत; दोन फटींतून आलेल्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून, म्हणजे व्यतिकरणाने, ते तयार होतात. पडद्यावरच्या एखाद्या बिंदूला एका फटीकडून येणारी वाट दुसरीपेक्षा बरोबर एका तरंगलांबीने जास्त असेल, तर तिथे मधल्या पट्ट्याशेजारचा उजळ पट्टा येतो. फटींमधलं अंतर जास्त असलं, की मध्यापासून थोडं सरकताच वाटांमध्ये तेवढा फरक पडतो. म्हणून पट्टे दाटतात. दोन उजळ पट्ट्यांतलं अंतर β = λD/d: λ तरंगलांबी, D पडद्याचं अंतर, d फटींच्या मध्यांमधलं अंतर.

प्रयोगशाळेत मी 650 नॅनोमीटरचा लाल लेसर, 0.25 मिमी अंतरावरच्या फटी आणि 2 मीटरवर भिंतीला चिकटवलेला कागद घेतो. प्रत्येक उजळ पट्ट्याच्या मध्यावर पेन्सिलीने खूण करायची आणि एकच अंतर न मोजता सलग आठ अंतरं एकदम मोजायची. ती 41.6 मिमीच्या आसपास भरतात, म्हणजे एक 5.2 मिमी. फटींचं अंतर 0.5 मिमी केलं की तेच 2.6 वर येतं.

पडदा 4 मीटरवर नेला की पट्टे पुसट होतात हे खरं, पण ‘नुसते’ हा शब्द चुकीचा आहे. अंतर 10.4 मिमी होतं. तोच प्रकाश जास्त जागेत पसरतो, पुसटपणा त्यातूनच येतो.

रंगाचं तर लगेच दिसतं. फटी न हलवता 532 नॅनोमीटरचा हिरवा लेसर लावा, 2 मीटरवर 5.2 चे सुमारे 4.3 मिमी होतात. फटी त्याच असल्या तरी तरंगलांबी तीच नाही.

मग इतक्यांना उलटं का दिसतं? माझ्या पाहण्यात एक चूक वारंवार येते: बारीक पट्टे सोडून ते ज्या मोठ्या उजळ डागात दिसतात, त्या डागाचीच रुंदी मोजली जाते. तो डाग प्रत्येक फटीच्या स्वतःच्या रुंदीमुळे पडतो. फट 0.04 मिमी रुंद असेल तर लाल लेसरने 2 मीटरवर तो 65 मिमीचा होतो, आणि d बदलून त्याच्या रुंदीत काही फरक पडत नाही. शंका असेल तर एक फट काळ्या कागदाने झाका. बारीक पट्टे गेले आणि डाग तसाच राहिला, तर जे गेलं तेच मोजायचं होतं.