गरोदरपणात घसा दुखतोय? त्या फॉरवर्डमधलं काय खरं, काय खोटं

"प्रेग्नंट बाईने घसा दुखला तर एकही गोळी घेऊ नये, बाळाला लागते. ज्येष्ठमधाचा काढा दिवसातून चार वेळा घ्या, नॅचरल आहे, काही होत नाही. बीटाडिनच्या गुळण्या बिनधास्त करा. ताप आपोआप उतरतो."

मी मेडिकलच्या काउंटरला बसते, गेल्या आठवड्यात एक दादा हाच मेसेज दाखवून बीटाडिन आणि ज्येष्ठमध मागत होते, बायकोला सहावा महिना, ताप १०१. म्हणून लिहितेय.

गोळीचं आधी. पॅरासिटामॉल गरोदरपणात सहसा सेफ मानतात, ५०० ची एक गोळी, परत लागली तर सहा तासांनी, आणि गरज असेल तेवढेच दिवस. पण घरात पडलेली कॉम्बिफ्लाम देऊ नका हो, त्यात आयबुप्रोफेन असतं, विसाव्या आठवड्यानंतर त्याने बाळाच्या किडनीवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. ताप तसाच अंगावर काढणंही बरं नाही, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत.

ज्येष्ठमधाचं मात्र लोकांना खरंच माहीत नसतं. त्यातलं ग्लिसिरायझिन रोज जास्त पोटात गेलं की बीपी चढतं, पोटॅशियम उतरतं, आणि वारेतलं एक एन्झाईम आईचं कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन बाळापर्यंत पोचू देत नाही त्यालाच ते अडवतं. एखादी गोळी चघळली गेली असेल तर घाबरू नका, पण चार वेळा काढा नकोच. खोकल्याच्या 'हर्बल' गोळ्यांतही बऱ्याचदा ज्येष्ठमध असतं, पाकीट उलटं करून वाचा.

बीटाडिन म्हणजे पोव्हिडोन आयोडीन. थुंकून टाकलं तरी तोंडाच्या आतल्या त्वचेतून आयोडीन रक्तात जातं आणि बाळाच्या थायरॉईडवर परिणाम होऊ शकतो, त्यामुळे डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको. त्याऐवजी ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, दिवसातून तीन-चार वेळा गुळण्या. मध चालतो (एक वर्षाच्या आतल्या बाळाला देत नाहीत, पोटातल्या बाळाचा त्याच्याशी संबंध नाही), स्वयंपाकात घालतो तेवढी हळद दुधात, आल्याचा चहा, सगळं चालतं.

त्या दादांना मी बीटाडिन दिलंच नाही, विचारलं खोकला-सर्दी आहे का. नाही म्हणाले, पण घशात पांढरे ठिपके दिसतात, मानेत गाठी दुखतात. खोकला नाही, ताप आहे, ठिपके आहेत म्हटल्यावर स्ट्रेपचा, म्हणजे घशातल्या जिवाणू संसर्गाचा संशय येतो आणि त्यासाठी डॉक्टरांनी घसा बघायलाच हवा. तिथून अमॉक्सिसिलिनची चिठ्ठी घेऊन आले, हे अँटिबायोटिक गरोदरपणात चालतं, पण मनाने सुरू करायचं नाही आणि कोर्स अर्धवट सोडायचा नाही.

ताप १००.४ च्या वर असेल किंवा दुखणं दोन-तीन दिवसांत उतरत नसेल तर फोन करा. थुंकीसुद्धा गिळवत नाही, श्वास लागतोय किंवा बाळाची हालचाल कमी वाटतेय तर फोनची वाट न बघता सरळ हॉस्पिटल गाठा, रात्र असली तरी.