मुहूर्त पाडव्याचा नको, रात्री साडेदहाचा हवा

"महिनाभर दोन्ही चालवू. कागदही आणि कॉम्प्युटरही. सवय झाली की कागद बंद." हॉस्पिटल डिजिटल करायचं म्हटलं की मीटिंगमध्ये कुणीतरी हे म्हणतंच, आणि सगळ्यांना ते शहाणपणाचं वाटतं. मलाही वाटलं होतं. नाशकातल्याच एका हॉस्पिटलात, नाव नाही सांगत, मी वॉर्ड इन्चार्ज होते तेव्हाची गोष्ट.

निफाडकडचे एक काका होते, शुगरवाले. रात्री दहाचं लांब पल्ल्याचं इन्सुलिन संध्याकाळच्या सिस्टरने दिलं, कागदी चार्टवर सही केली आणि ड्युटी संपवून गेली. कॉम्प्युटरवर नंतर कुणीतरी टाकेल, असं ठरलेलंच होतं. रात्रीच्या सिस्टरने स्क्रीन बघितली, तर इन्सुलिन लाल दिसतंय, म्हणजे राहिलेलं. तिने दिलं. पहाटे काका घामाने चिंब, शुगर ४८. शिरेतून ग्लुकोज दिलं, सावरले. चौकशी झाली आणि मेमो रात्रीच्या सिस्टरला मिळाला. तिने चार्टही उघडायला हवा होता म्हणे. अहो, मग कॉम्प्युटर कशाला आणलाय?

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. बिलं, लॅबचे रिपोर्ट, ओपीडीचे केसपेपर थोडे दिवस दोन्हीकडे राहिले तर फक्त वैताग होतो. औषधांचा चार्ट मात्र एका वेळी एकाच जागी असला पाहिजे.

दुसऱ्या हॉस्पिटलात ही जबाबदारी माझ्याकडे आली. ट्रस्टींना पाडव्याचा मुहूर्त हवा होता. पाडव्याला निम्मे डॉक्टर सुट्टीवर आणि सॉफ्टवेअरवाल्यांचा फोन लागणार नाही. सोमवारी ओपीडी तुडुंब. पावसाच्या शेवटी डेंग्यूने खाटा भरलेल्या. म्हणून मंगळवारची रात्र मागितली, म्हणजे पुढचे तीन दिवस कंपनीची माणसं वॉर्डात उभी करता येतात.

आणि रात्रच का? आमच्याकडे आठ तासांची औषधं सहा, दोन, दहाला असतात. रात्री दहाचे डोस कागदावर द्यायचे आणि सकाळी सहाचे थेट कॉम्प्युटरवरून. मधल्या वेळात भरती असलेल्या प्रत्येक पेशंटच्या ऑर्डरी आत टाकायच्या. त्या रात्री ५४ पेशंट होते, प्रत्येकाला सरासरी ८ औषधं, म्हणजे ४३२ ऑर्डरी. टाकणं आणि पडताळणं मिळून एकीला २ मिनिटं धरली तर साधारण साडेचौदा तास. एकाने करायचं म्हटलं तर सकाळ उलटून जाते. आम्ही निवासी डॉक्टर आणि सिस्टर अशा चार जोड्या लावल्या, काम चार तासांच्या आत बसलं. दुपारच्या राउंडलाच सरांकडून बंद झालेली औषधं कापून घेतली होती, नाहीतर जुना कचराही आत गेला असता.

खरी मेख पुढे आहे. रात्री पावणेअकराला "दिवसातून तीनदा" अशी ऑर्डर टाकली, की आमचं सॉफ्टवेअर पहिला डोस लगेच, पावणेअकरालाच दाखवायचं. दहाचा कागदावर दिलाय, हे त्याला कसं कळणार? म्हणून प्रत्येक ऑर्डरीला पुढच्या डोसची वेळ हाताने टाकायची. डॉक्टर टाकणार, सिस्टर कागदावरचा शेवटचा डोस मोठ्याने वाचणार. जुळलं की कागदी चार्टवर आडवी रेघ, वेळ आणि दोघांच्या सह्या. सहा तासांच्या औषधांचा बाराचा डोस मध्ये यायचा. तो कागदावरच दिला आणि त्या ऑर्डरी बारानंतर टाकल्या. चालू ड्रिप आणि शुगर बघून ठरणारं इन्सुलिन सगळ्यात शेवटी, सीनियर डॉक्टर समोर असताना.

सकाळी सगळं सुरळीत दिसत होतं. पण तिसऱ्या दिवशी मी नोंदींच्या वेळा काढून बघितल्या. एका वॉर्डात सोळा पेशंटचे सहाचे डोस "दिले" म्हणून टाकलेले, सगळे ७.५० ते ७.५३ या वेळेत. तीन मिनिटांत सोळा जणांना औषध? सिस्टर चिठ्ठीवर लिहून घेत होत्या आणि ड्युटी संपताना एकदम भरत होत्या. म्हणजे कागद गेलाच नव्हता, फक्त चार्टवरून खिशात आला होता.

ट्रेनिंग कमी पडलं, असं ऑफिसने लगेच ठरवून टाकलं. मी त्या वॉर्डात सकाळी साडेपाचला जाऊन बसले. कॉम्प्युटर एकच, तोही स्टेशनवर. कोपऱ्यातल्या खाटेपासून पस्तीस पावलं, आणि प्रत्येक वेळी पुन्हा पासवर्ड. मीही चिठ्ठीच लिहिली असती. औषधांच्या ट्रॉलीवर लॅपटॉप बांधून दिला (बॅटरी चार तास पुरते, चार्जर मामांच्या ताब्यात), तेव्हा कुठे नोंदी सहा ते साडेसहात पसरल्या.

लाइट किंवा सर्व्हर गेला तर वापरायचे कोरे चार्ट सीलबंद पाकिटात ठेवलेत, वॉर्डाला दहा. पाकीट कधी फोडलं, कुणी फोडलं आणि त्यावरचे डोस परत आत कुणी टाकले, हे पाकिटावरच लिहायचं. बाकीचे छापील चार्ट माझ्या कपाटात आहेत, कुलूप लावून. एक सीनियर सर अजूनही अधूनमधून विचारतात, "सिस्टर, एक चार्ट द्या ना, पटकन लिहून टाकतो."