फोडशीच्या फोटोबद्दल खुलासा

फोडशी या पावसाळी रानभाजीच्या पानांचा एक फोटो पुढे पाठवला जातोय. त्यासोबत लिहिलंय:

"पहिल्या पावसात फोटोतल्यासारखी लांब, गवतासारखी पानं दिसली की ती फोडशीच. खुडून आणा."

हे चूक आहे. त्याच दिवसांत, त्याच माळावर कोळकांद्यालाही तशीच पानं फुटतात आणि तो विषारी आहे. त्यातली द्रव्यं थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात. मी दोन्ही उपटून शेजारी ठेवून पाहिलीत. फोडशीखाली जाडसर मुळांचा झुबका असतो, कोळकांद्याखाली पापुद्र्यांचा कांदा. खरा फरक मातीखाली, फोटोत मात्र फक्त पानं! खुडलेल्या जुडीतही तो दिसत नाही. त्यामुळे वर्षानुवर्षं ही भाजी खुडणाऱ्या बाईसोबत जाऊनच ओळख करून घ्या. खाल्ल्यावर उलट्या झाल्या, नाडी मंदावली तर उरलेली पानं घेऊन लगेच दवाखाना गाठा. तो फोटो कृपया पुढे पाठवू नका.