किल्ली सुपरवायझरच्या खिशात असून भागत नाही

नुकताच एका कारखान्यात सुपरवायझर झालेला माझा भाचा आज फोनवर मोठ्या उत्साहाने सांगत होता की, पाळी चालू असताना मागच्या दरवाजाला कुलूप लावायला सुरुवात केल्यापासून मालाची चोरी थांबली आहे. तो दरवाजा आगीच्या वेळी बाहेर पडण्यासाठी आहे. तेव्हापासून माझे चित्त थाऱ्यावर नाही.

न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट या बायकांचे ब्लाउज शिवणाऱ्या कारखान्यातही दरवाजाला कुलूप लावण्याचे कारण हेच होते. कामावरच्या मुलींनी कापड नेऊ नये म्हणून सुटीच्या वेळी त्यांना एकाच दरवाजाने सोडत आणि तेथे त्यांच्या पिशव्या तपासत. नवव्या मजल्यावरचा दुसरा दरवाजा कुलूपबंद असे. 25 मार्च 1911 रोजी, शनिवारी, काम सुटता सुटता आठव्या मजल्यावर आग लागली. दहाव्या मजल्यावर टेलिफोनने निरोप गेला, तेथून मालक गच्चीवर जाऊन वाचले. नवव्या मजल्याला मात्र कोणी कळवलेच नाही. बाहेरचा लोखंडी जिना भाराने कोसळला आणि अग्निशामक दलाची शिडी सहाव्या मजल्याच्या आसपासच संपली. 146 माणसे गेली, त्यांत बहुतेक तरुण मुली होत्या.

याहून संताप येतो तो आधीच्या घटनेचा. 1909 मध्ये याच कारखान्यातील मुली शहरभरच्या मोठ्या संपात आघाडीवर होत्या. संघटनेला मान्यता, कमी तास आणि सुरक्षित जागा एवढेच त्या मागत होत्या. संघटनेला मान्यता न देताच या मालकांनी त्यांना कामावर परत घेतले. त्या मागण्यांना तेव्हा बेशिस्त म्हणणारे लोक आजही प्रत्येक कारखान्यात भेटतात.

हे सगळे सांगितल्यावर भाचा म्हणाला, “मामा, पण किल्ली माझ्याच खिशात असते.” धूर भरलेल्या जागेत, सगळे एकाच वेळी धावत असताना, तो कोठे असेल आणि त्याला कोण शोधणार, याचे उत्तर त्याच्याकडे नव्हते.

चोरी होते हे खरे आहे, आणि कमी भरलेल्या मालाचा जाब त्यालाच विचारला जातो, हेही मान्य. पोर वाईट नाही; त्याला हा इतिहास कोणी शिकवलाच नाही. आतून दांडा ढकलताच उघडणारा आणि उघडल्यावर भोंगा वाजवणारा दरवाजा बसवता येतो; चोरीसाठी तेवढा पुरे.

ट्रँगलच्या मालकांवर खटला चालला. दरवाजा त्या वेळी बंद असल्याचे त्यांना ठाऊक होते, हे सिद्ध न झाल्याने डिसेंबर 1911 मध्ये ते सुटले. म्हणून भाच्याला सांगितले आहे की, असा भोंग्याचा दरवाजा बसवण्याची मागणी वरिष्ठांकडे लेखी द्यायची, तिची प्रत स्वतःजवळ ठेवायची, आणि उद्याच्या पाळीपासून, काम सुरू होण्याआधी, मागचा दरवाजा किल्लीशिवाय आतून उघडून पाहायचा.